रिमोटवर २४, पण बाळाच्या गादीवर किती?

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे. रात्री एसी २४ वर ठेवतो, पण पहाटे त्याचे हातपाय गार लागतात आणि सकाळी नाक कोंदलेलं, ओठ सुकलेले असतात. २७ केलं की घामाने मान ओली होते. आई म्हणते एसी बंदच करा. नेमका किती आकडा ठेवायचा आणि हवा कुठल्या बाजूला सोडायची?

उत्तर:

आकडा आधी सांगून टाकतो. वेळेवर जन्मलेल्या, वजन नीट वाढत असलेल्या, महिना-दीड महिना उलटलेल्या बाळाच्या गादीजवळ २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान असावं. गादीजवळ, रिमोटवर नव्हे. तुमची बरीचशी अडचण या दोन जागांमधल्या फरकात असणार. २४ ला गारठणारं आणि २७ ला घामेजणारं बाळ आलं, की मी पालकांकडून आधी खोलीचा फोटो मागवतो. बहुतेक वेळा पाळणा एसीच्या झोतात असतो आणि घरातले झोत हलवायचा सोडून आकडा हलवत बसलेले असतात.

भिंतीवरच्या स्प्लिट एसीचा तापमान मोजणारा सेन्सर यंत्राच्या आतच असतो, हवा आत ओढली जाते तिथे, जाळीच्या मागे. म्हणजे तो जमिनीपासून सात-आठ फुटांवरच्या हवेचं तापमान बघतो. गरम हवा वर जाते, त्यामुळे खोलीतली उबदार हवा नेमकी तिथे जमलेली असते. ती २४ ची होईपर्यंत यंत्र थंडी ओतत राहतं. शिवाय यंत्रातून बाहेर पडणारी हवा २४ ची नसतेच. ती साधारण १२ ते १५ अंशांची असते आणि खोलीतल्या हवेत मिसळत गेल्यावर तिचा गारठा मोडतो. मिसळायला तिला अंतर लागतं. वाटेत पाळणा आला तर ती अर्धवट मिसळलेली, जड, गार हवा थेट बाळावर उतरते. रिमोटवर २४ आणि गादीजवळ २१ हे दृश्य मला मुळीच नवं नाही.

त्यात वाऱ्याची भर पडते. आपल्या त्वचेलगत अंगाच्या उबेचा हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून लावतो. बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसांनासुद्धा सेकंदाला वीस सेंटीमीटर एवढी हवेची हालचाल खुपायला लागते, आणि ती हाताला धड जाणवतही नाही. बाळाचं तर वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून ते उष्णता लवकर गमावतं. तान्ही मुलं मोठ्यांसारखी कुडकुडत नाहीत. मान, पाठ आणि खांद्यांमधल्या खास चरबीचं ज्वलन करून ती ऊब तयार करतात. ते बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून बाळ थरथरत नाही यावरून त्याला गार वाजत नाही असं समजू नका.

इंटरनेटवर १६ ते २० अंश हा आकडाही तुमच्या वाचनात आला असेल. तो ब्रिटनमधल्या सूचनांमधला आहे आणि चुकीचा नाही. पण तिथे बाळ स्लीपिंग बॅगमध्ये किंवा हलक्या पांघरुणात झोपलेलं गृहीत धरतात. तो आकडा उचलून आपण बाळाला सुती झबल्यावर झोपवलं, तर ते गारठणारच. तापमान आणि कपडे ही एकच जोडी आहे. एक बदललं की दुसरं बदलावं लागतं.

आता मोजायचं कसं ते बघू. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. ते पाळण्याच्या कठड्याला बाहेरून, गादीच्या उंचीवर बांधा. बाळाचा हात पोचणार नाही आणि यंत्राच्या पाठीमागचं झाकण घट्ट आहे, हे नक्की बघा. अशा यंत्रांत बऱ्याचदा नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. यंत्र जागेवर ठेवल्यावर आकडा स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्या. मग बाळ झोपल्यावर तासाभराने, रात्री दोनच्या सुमारास आणि पहाटे पाचला असे तीनदा आकडे टिपा. एवीतेवी त्या वेळांना कुणीतरी उठलेलं असतंच. पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तोवर भिंती निवलेल्या असतात आणि बाहेरही गार झालेलं असतं. एसी तोच, सेटिंग तेच, पण गादीजवळचा आकडा एक-दोन अंशांनी उतरलेला सापडतो.

झोत शोधायला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी पुरते. बाळाचं तोंड जिथे येतं तिथे, गादीपासून चार बोटं वर ती दोन बोटांत धरा आणि मिनिटभर बघा. पट्टी हलली की तिथे झोत आहे. स्विंग चालू ठेवत असाल तर फ्लॅप वरून खाली आणि परत वर येईपर्यंत थांबा. स्विंगमुळे हवा खोलीभर पसरते हे खरं, पण दर फेरीत ती एकदा बाळाच्या अंगावरून जाते. बाळाच्या खोलीत मी स्विंग बंदच ठेवायला सांगतो.

एका सहा महिन्यांच्या मुलीच्या खोलीचं उदाहरण देतो, कारण त्यात एक गंमत आहे. खोली दहा बाय बारा फुटांची, एसी एका आखूड भिंतीवर, पाळणा बरोबर समोरच्या भिंतीला टेकवलेला. रिमोटवर २३, एसीचा पंखा जोरात, फ्लॅप मधोमध. रात्री दोन वाजता गादीजवळ २०.५ अंश आणि पट्टी चांगली फडफडत होती. आईवडील गार लागतंय म्हणून दुलई घालायचे, तासाभराने घाम दिसला की काढायचे, पुन्हा पाय गार लागले की घालायचे. रात्र अशीच जायची.

पहिला बदल त्यांनी केला तो सगळेच सुचवतात तो. फ्लॅप पूर्ण वर केला, म्हणजे हवा छताला समांतर सुटेल असा, आणि पंखा कमी केला. थंड हवा जड असल्यामुळे ती आपणहून खाली येते, तिला खाली ढकलायची गरज नसते. म्हणून थंडाव्यासाठी फ्लॅप वर हे बरोबरच आहे. पण पट्टी तरीही हलत राहिली आणि आकडा फक्त एका अंशाने वर गेला. कारण असं की छताला चिकटून गेलेली हवा समोरच्या भिंतीवर आदळते आणि तिच्या अंगाने खाली घसरते. लहान खोलीत समोरची भिंत म्हणजे थंड हवेचा उताराचा रस्ताच. पाळणा नेमका त्याच्या पायथ्याशी होता.

मग पाळणा बाजूच्या लांब भिंतीला नेला, एसीच्या बाजूच्या अर्ध्या भागात, पण यंत्राच्या बरोबर खाली नाही. तिथे पट्टी जवळजवळ स्थिर राहिली आणि गादीजवळ २२.५ दिसू लागले, रिमोट तोच २३ वर असताना. म्हणजे रिमोटला हात न लावता, फ्लॅप, पंखा आणि जागा बदलून दोन अंश परत मिळाले. आता कुठे रिमोटला हात लावायची वेळ आली. तो २५ केल्यावर पहाटेचा आकडा २४.३ च्या आसपास राहू लागला. दुलई कायमची गेली. मुलगी पुढेही तीन वाजता उठायचीच, पण ती भुकेने, आणि त्याला एसी काय करणार!

यंत्राच्या थेट खाली पाळणा का नको, हे विचारलं जातं, कारण झोताच्या दृष्टीने ती जागा शांत असते. पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की ते पाणी तिथेच ठिबकतं, आणि भिंतीवर अडकवलेली जड वस्तू बाळाच्या डोक्यावर असूच नये. दोन-तीन फूट बाजूला सरका.

एसीच्या पंख्याचा वेग कमी ठेवा, पण अगदी तळाला नेण्याची घाई करू नका. वेग फारच कमी असला की हवेला छत धरून पुढे जायचा जोर राहत नाही आणि ती यंत्रासमोर पाच-सहा फुटांवर गोळ्यासारखी खाली पडते. पाळणा त्या पट्ट्यात असला तर सगळ्यात हळू वेगातच सगळ्यात गार लागतं. म्हणून पट्टीची परीक्षा प्रत्येक वेगावर करा आणि जिथे ती स्थिर राहते तो वेग ठरवा. ऑटोवर पंखा ठेवलात तर तो सुरुवातीला जोरात फिरतो आणि मग उतरतो. तेव्हा पहिला अर्धा तास बाळाला खोलीत आणू नका, म्हणजे प्रश्न मिटतो. त्या अर्ध्या तासात २३ वर खोली निववून घ्या आणि बाळाला झोपवताना आकडा वाढवा. छताचा पंखा अगदी हळू फिरवला तर वरची उबदार आणि खालची गार हवा छान मिसळते, फक्त तो पाळण्याच्या बरोबर वर नको.

काही रिमोटमध्ये आय फील किंवा फॉलो मी नावाची सोय असते. ती चालू केली की यंत्र आपल्या आतल्या सेन्सरऐवजी रिमोटमधल्या सेन्सरचा आकडा मानतं. रिमोट पाळण्याजवळच्या टेबलावर, बाळाच्या हाताबाहेर आणि एसीला दिसेल असा ठेवला, तर वर सांगितलेला अर्धा घोळ आपोआप सुटतो. मात्र रिमोट उशीखाली गेला तर त्याचा आकडा एसीपर्यंत पोचणारच नाही!

स्लीप मोड बहुतेक यंत्रांत पहिल्या तासाने एक अंश आणि दुसऱ्या तासाने आणखी एक अंश वाढवतो. २४ ला लावलात तर मध्यरात्री यंत्र २६ वर असेल, हे धरून चाला. तुमच्याकडे २७ ला मान ओली होते असं लिहिलंय, तर स्लीप मोड नकळत चालू असतो का हेही बघा. टायमरबाबत माझं मत जरा ठाम आहे: २२ वर जोरात लावून दोन वाजता बंद होणारा एसी मला मुळीच आवडत नाही. बाळाला आपण २२ चे कपडे घालतो आणि पहाटे खोली ३० ला पोचते. दारंखिडक्या बंद असतात, हवा फिरत नाही, आणि झोपेत अती उकाडा हा लहान बाळांच्या अचानक मृत्यूच्या धोक्यांपैकी एक मानला जातो. त्यापेक्षा २५-२६ वर रात्रभर चालू राहिलेला एसी केव्हाही बरा. तुमच्या आईंची काळजी मला कळते, पण उकाड्याच्या रात्री तो बंदच ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

बाळाला बरं वाटतंय का हे हातपायांवरून ठरवू नका. तान्ह्या मुलांचे तळवे आणि पावलं गार असणं हे बहुधा साधं असतं. शरीर आपली ऊब मधल्या भागाकडे राखून ठेवतं. तुमचा हात आधी चोळून ऊबदार करा आणि छातीवर किंवा मानेच्या मागे ठेवा. तिथे कोमट, कोरडं लागलं तर बाळ मजेत आहे, पाय कसेही लागोत. मान ओलसर, चेहरा लालसर, श्वास जलद, तर एक कपडा काढा. छाती-पोट गार लागलं तर मात्र काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ हे ठीक. त्याखाली आलं तर बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांवर पांघरूण घ्या, पाजा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजा. ते वर येत नसेल, बाळ मलूल असेल किंवा दूध घेत नसेल, तर डॉक्टरांकडे जायला सकाळची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त ताप असेल तेव्हाही तेच.

गादीजवळ २४ ते २६ असताना पूर्ण बाह्यांचा पातळ सुती अंगरखा, पायजमा आणि वर एखादी पातळ, बाह्या नसलेली स्लीपिंग बॅग एवढं पुरतं. २६ च्या वर बॅग काढा. साधा नियम असा, की त्याच खोलीत तुम्ही झोपताना जेवढं घालता त्यापेक्षा बाळाला फार तर एक थर जास्त. सैल पांघरूण, दुलई, उशी पाळण्यात नको, ती तोंडावर येऊ शकतात. टोपीही नको. बाळाच्या डोक्याचा आकार अंगाच्या मानाने मोठा असतो आणि जास्तीची उष्णता तिथूनच बाहेर पडते. टोपी घातली की ती वाट बंद होते.

आता कोरडेपणा. इथे मला लोकांशी वाद घालावा लागतो, कारण एसी म्हटलं की हवा वाळवंटासारखी होते असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. एसी हवेतलं पाणी काढतो हे खरं. आतल्या गार नळ्यांवर बाष्प जमतं आणि थेंबाथेंबाने बाहेरच्या नळीवाटे निघून जातं. दमट हवेत एखाद्या मोठ्या खोलीचा एसी तासाला लिटरभरसुद्धा पाणी काढतो. पण हवा जसजशी कोरडी होते तसतसं हे काढणं कमी होतं, आणि एका टप्प्यावर थेंब पडायचे थांबतात. म्हणजे रात्री दोन वाजताही नळी नीट ठिबकत असेल, तर खोलीतली हवा फार कोरडी नाही, एवढं ढोबळपणे समजा. पक्कं उत्तर पाळण्याला बांधलेल्या छोट्या यंत्रावरच्या आर्द्रतेच्या आकड्यात आहे. ४० ते ६० टक्के असेल तर हवेला हात लावू नका.

मग नाक का कोंदतं, ओठ का सुकतात? पहिलं कारण पुन्हा झोत. ५० टक्के आर्द्रतेची हवासुद्धा तोंडावरून सतत वाहिली तर ओठ आणि नाकाचं अस्तर सुकवते. ओलं फडकं पंख्याखाली लवकर वाळतं, तसंच हे. पाळणा हलवल्यावर चार-पाच रात्रींत नाक सुधारलं, तर कारण तेच होतं. दुसरं कारण जाळीवरची धूळ. रोज चालणाऱ्या एसीची जाळी दोन आठवड्यांनी धुवून, पूर्ण वाळवून बसवा. चालू करताच कुबट वास येत असेल तर जाळी पुरत नाही, आतल्या नळ्या आणि खालचं पन्हाळं साफ करायला माणूस बोलवा. लहान बाळं प्रामुख्याने नाकाने श्वास घेतात, त्यामुळे थोडी खपली धरली तरी ती घुरघुरतात आणि दूध पिताना वैतागतात. पाजण्याआधी औषधाच्या दुकानात मिळणारे मीठपाण्याचे थेंब प्रत्येक नाकपुडीत एक-दोन टाका, मिनिटभर थांबा. घरी मीठ कालवून करू नका, प्रमाण चुकतं. कोरडं पडलंय म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी पाजू नका. मागेल तेव्हा दूध द्या. त्वचा खरखरीत लागत असेल तर अंघोळीनंतर अंग टिपल्या टिपल्या, ओलसर असतानाच साधं, वास नसलेलं क्रीम लावा.

आर्द्रता खरोखरच ३५ च्या खाली जात असेल, आणि कोरड्या उष्ण हवेत ती जाते, तर ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. खोलीत वाटीभर पाणी ठेवण्याचा उपाय मात्र मनाच्या समाधानापुरता आहे. रात्रभरात त्यातून फार तर दोन-चार चमचे उडतात. ह्युमिडिफायर गार वाफेचा घ्या, गरम वाफेने भाजायची भीती. तो पाळण्यापासून लांब, तोंड दुसरीकडे करून ठेवा. त्यात उकळून गार केलेलं पाणी भरा आणि रोज रिकामा करून पुसून वाळवा, नाहीतर त्यात वाढलेली बुरशी आपणच खोलीभर फवारतो. काही प्रकारांतून सामानावर पांढरी भुकटी बसते. ती पाण्यातल्या क्षारांची असते आणि उकळून ते क्षार जात नाहीत, तेव्हा अशा यंत्रात ऊर्ध्वपातित पाणी वापरा. आकडा ५० ला आला की बंद करा. एसीची नळी जोरात ठिबकत असताना ह्युमिडिफायर चालवणं म्हणजे आपण घातलेलं पाणी एसीने बाहेर टाकणं, दोन्ही यंत्रं एकमेकांशी भांडत राहतात. ड्राय मोड तर बाळाच्या खोलीत दमट पावसाळी रात्रीपुरताच वापरा. तो आर्द्रता उतरवण्यासाठी आहे आणि काही यंत्रांत त्या वेळी तापमानावर आपला ताबा राहत नाही, त्यामुळे गादीजवळचा आकडा बघत राहा.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. तीन माणसं एका बंद खोलीत आठ तास झोपत असतील तर दार चार बोटं उघडं ठेवा. एसीवर थोडा भार वाढेल, तो वाढू द्या.

हे सगळं तुमच्या बाळाच्या वयाच्या, धडधाकट बाळासाठी आहे. मुदतीआधी जन्मलेल्या, अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अगदी पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाला यापेक्षा जास्त ऊब लागते. त्यांच्यासाठी आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सर्दी नसताना नाक दोन आठवड्यांहून जास्त कोंदलेलं राहिलं, श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला, किंवा शांत झोपेत मिनिटाला पन्नासच्या वर श्वास मोजलेत, तर तो एसीचा प्रश्न उरत नाही, बाळाला तपासायला आणा.